दोन ‘प्रोग्राम फाइल्स’: विंडोजमधील एका विभागणीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

६४-बिट विंडोज असलेल्या संगणकाची C: ड्राइव्ह उघडली, म्हणजे `Program Files` आणि `Program Files (x86)` असे दोन फोल्डर शेजारी शेजारी आढळतात, पहिल्यात ६४-बिट प्रोग्राम बसवावेत आणि दुसऱ्यात जुन्या धाटणीचे ३२-बिट, असा शिरस्ता आहे. हे दोन्ही प्रकारचे प्रोग्राम एकाच पडद्यावर एकाच वेळी चालतात, आणि कोणता प्रोग्राम कोणत्या प्रकारचा हे ओळखण्यासाठी विंडोजला फोल्डरच्या नावाचा आधार घ्यावा लागत नाही. प्रत्येक एक्झिक्यूटेबल फाइलच्या आरंभीच तो प्रोग्राम कोणत्या प्रोसेसरसाठी बांधला आहे याची नोंद असते आणि प्रोग्राम सुरू करताना तीच नोंद प्रमाण मानली जाते. असे असताना त्यांचे वास्तव्य निराळे ठेवण्याची तजवीज कशासाठी, हा प्रश्न सामान्य वापरकर्त्याला पडतो, तसाच तो अनुभवी प्रोग्रामरांमध्येही वादाचा विषय झालेला आहे. त्या वादाची पूर्वपीठिका, विभागणीची प्रत्यक्ष कार्यपद्धती, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आणि अद्याप न सुटलेले मुद्दे यांचा क्रमाने परामर्श घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

विंडोज ३.१ च्या काळात प्रोग्रामांनी कोठे राहावे यासंबंधी कोणताही सर्वमान्य नियम नव्हता. प्रत्येक प्रोग्राम ड्राइव्हच्या मुळाशी आपल्यापुरता एक फोल्डर करी आणि अनेक प्रोग्रामांना समाईक लागणाऱ्या डीएलएल फाइली थेट विंडोजच्या `System` फोल्डरमध्ये टाकी. परिणामी नंतर आलेल्या प्रोग्रामची डीएलएल आधीच्या प्रोग्रामच्या त्याच नावाच्या डीएलएलवर लिहिली जाई आणि काल चालणारा प्रोग्राम आज बंद पडे. १९९५ साली विंडोज ९५ ने `Program Files` हा फोल्डर आणून, आणि त्याच्या पोटात समाईक फाइलींसाठी `Common Files` ठेवून, या अंदाधुंदीला काही शिस्त लावली.

या व्यवस्थेतील एक बाब पुढे फार महत्त्वाची ठरली. `Program Files` हे नाव सर्वत्र सारखे नव्हते. जर्मन भाषेतील विंडोजमध्ये त्याच फोल्डरला `Programme` असे नाव होते. म्हणून प्रोग्रामने हा पत्ता स्वतः गृहीत धरू नये, तो विंडोजकडे मागावा, असा दंडक घालण्यात आला, आणि नेकीने लिहिलेले प्रोग्राम तो पाळूही लागले. जो पत्ता मागून घेतला जातो तो विचारणाऱ्याप्रमाणे निरनिराळा देता येतो, ही सोय त्या दंडकात आपोआप निर्माण झाली होती. तिचा उपयोग पुढे ६४-बिट विंडोजच्या वेळी झाला.

इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरसाठी विंडोजची ६४-बिट आवृत्ती २००१ साली आली. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा प्रोसेसर आणून जुन्या x86 आज्ञावलीचाच ६४ बिटांपर्यंत विस्तार केला, आणि त्या विस्तारावर चालणारी विंडोज एक्सपीची x64 आवृत्ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर जगातील विंडोजचे बहुतेक सर्व प्रोग्राम ३२-बिट होते. त्यांना चालू ठेवल्याशिवाय नव्या प्रणालीला कोणी ग्राहक मिळणार नव्हता, हे उघड होते. म्हणून ६४-बिट विंडोजच्या आत ३२-बिट प्रोग्रामांसाठी वॉव-६४ नावाचा एक स्वतंत्र थर निर्माण करण्यात आला. त्या थराने मात्र एक कठोर मर्यादा कायम ठेवली: एका चालू प्रोग्रामच्या प्रक्रियेत एकाच प्रकारच्या डीएलएल चालू शकतात. ३२-बिट प्रोग्राममध्ये स्मृतीतील पत्ता ४ बाइटांचा असतो आणि ६४-बिट प्रोग्राममध्ये ८ बाइटांचा. एकाने दिलेला पत्ता दुसऱ्याच्या हिशेबात बसत नाही, त्यामुळे ६४-बिट प्रोग्रामला ३२-बिट डीएलएल वापरता येत नाही आणि ३२-बिट प्रोग्रामला ६४-बिट डीएलएल वापरता येत नाही. विभागणीच्या सर्व समर्थनाचे मूळ या एका मर्यादेत आहे.

विभागणी प्रत्यक्षात कशी चालते

वॉव-६४ ने ३२-बिट प्रोग्रामांसाठी केलेला बंदोबस्त सर्वत्र एकसारखा नाही. त्यात सक्तीचा एक भाग आहे आणि केवळ सांगण्यावर चालणारा दुसरा भाग आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे या विषयातील पुष्कळ चर्चा भलतीकडे जाते.

सक्तीचा भाग विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा आहे. `C:\Windows\System32` हा पत्ता असंख्य जुन्या प्रोग्रामांत जसाच्या तसा लिहिलेला होता, आणि तो ६४-बिट प्रोग्रामांसाठीही तसाच ठेवण्यात आला, म्हणजे जुना मजकूर ६४-बिट करून पुन्हा बांधताना तो बदलावा लागू नये. त्यामुळे नावात ३२ असूनही `System32` मध्ये ६४-बिट फाइली राहिल्या, आणि ३२-बिट फाइलींची रवानगी `SysWOW64` मध्ये झाली. ३२-बिट प्रोग्रामने `System32` उघडण्याचा प्रयत्न केला, की विंडोज त्याला न विचारता `SysWOW64` कडे वळवते. रजिस्ट्रीतही असाच वळसा आहे: ३२-बिट प्रोग्रामने `HKLM\Software` खाली केलेली नोंद, काही समाईक शाखांचा अपवाद वगळता, `Wow6432Node` नावाच्या पोटशाखेत पडते.

`Program Files` च्या बाबतीत अशी सक्ती नाही. येथे विंडोज केवळ निरनिराळे उत्तर देते. `C:\Windows\System32\cmd.exe` ही ६४-बिट आणि `C:\Windows\SysWOW64\cmd.exe` ही ३२-बिट, अशा दोन आज्ञा-खिडक्या उघडून दोहोंत पुढील एकच ओळ लिहावी:

```
echo %ProgramFiles%
```

पहिल्या खिडकीत `C:\Program Files` असे उत्तर येते आणि दुसऱ्या खिडकीत `C:\Program Files (x86)`. प्रश्न एकच, उत्तर मात्र विचारणाऱ्याच्या जातकुळीप्रमाणे बदलते. ज्या ३२-बिट प्रोग्रामला मुद्दाम ६४-बिट फोल्डरचा पत्ता हवा असेल, त्याच्यासाठी `%ProgramW6432%` हे वेगळे नाव उपलब्ध आहे. परंतु एखाद्या जुन्या प्रोग्रामने पत्ता न मागता `C:\Program Files` हे शब्द आपल्या मजकुरात कायमचे कोरून ठेवले असतील, तर विंडोज त्याला वळवत नाही. तो खरोखरच ६४-बिट फोल्डरमध्ये जातो. तेव्हा ही विभागणी भिंतीने राखलेली नसून, पत्ता विचारून चालणाऱ्यांच्या शिस्तीने राखलेली आहे.

एक उदाहरण तपशिलाने

या विभागणीने काय साधते हे पाहण्यासाठी एका कल्पित प्रोग्रामचे उदाहरण घेऊ. ‘हिशेब’ नावाचा जमाखर्चाचा एक ३२-बिट प्रोग्राम २००० सालच्या सुमारास लिहिला गेला, असे समजू. त्याचा इन्स्टॉलर विंडोजकडे प्रोग्रामांच्या फोल्डरचा पत्ता मागतो, तेथे `Hisab` फोल्डर करून मुख्य प्रोग्राम ठेवतो, आणि करांचा हिशेब करणारी `hisab.dll` ही फाइल, कंपनीचे इतर प्रोग्रामही ती वापरतात म्हणून, `Common Files\Hisab` मध्ये ठेवतो. शेवटी ही डीएलएल कोठे आहे त्याची नोंद तो रजिस्ट्रीत करतो. हा इन्स्टॉलर लिहिला गेला तेव्हा ६४-बिट विंडोज बाजारात नव्हती. त्यामुळे तिच्यासंबंधीची कोणतीही सावधगिरी त्यात असणे संभवत नाही.

काही वर्षांनी कंपनी ६४-बिट आवृत्ती काढते. नवी आवृत्ती बसवली तरी जुन्या आवृत्तीला चिकटलेला, पावत्या छापणारा एक ३२-बिट प्लगइन ग्राहकाला अजून हवा असतो, म्हणून तो दोन्ही आवृत्त्या ठेवतो. दोन्ही इन्स्टॉलर विंडोजला तोच प्रश्न विचारतात आणि दोन्ही डीएलएलचे नाव तेच आहे. फोल्डर एकच असता, तर नंतर बसवलेली ६४-बिट `hisab.dll` आधीच्या ३२-बिट फाइलीवर लिहिली गेली असती. दुसऱ्या दिवशी जुना प्रोग्राम उघडताच, त्या डीएलएलशिवाय त्याला आरंभच करता येत नसेल तर `0xc000007b` या क्रमांकाची त्रुटी, आणि ती त्याने मागाहून मागवली असेल तर १९३ क्रमांकाची त्रुटी समोर आली असती. या त्रुटींच्या संदेशांत फाइल चुकीच्या प्रकारची असल्याचा बोध होतो, पण ती कोणी आणि केव्हा बदलली याचा काहीच मागमूस लागत नाही. ग्राहक दोष देतो तो बिचाऱ्या जुन्या प्रोग्रामला.

प्रत्यक्षात मात्र जुन्या इन्स्टॉलरला `C:\Program Files (x86)\Common Files` हे उत्तर मिळते आणि नव्याला `C:\Program Files\Common Files`; रजिस्ट्रीतील नोंदीही वॉव-६४ निरनिराळ्या शाखांत ठेवते. दोन्ही आवृत्त्या आपापली डीएलएल शोधतात आणि त्यांना योग्य तीच सापडते. जुन्या इन्स्टॉलरमधील एक अक्षरही न बदलता हे साधते, आणि तो बदलणे शक्यही नसते, कारण त्याचा कर्ता कदाचित धंदा सोडून गेलेला असतो. विंडोजने या बाबतीत किती बारकाईने विचार केला आहे हे आणखी एका तपशिलावरून दिसते: ३२-बिट प्रोग्रामने रजिस्ट्रीतील विस्तारक्षम मजकुरात `%ProgramFiles%` असे लिहिले, तर वॉव-६४ तो मजकूर साठवताना त्याच्या जागी `%ProgramFiles(x86)%` असे लिहिते, म्हणजे पुढे ती नोंद ६४-बिट प्रोग्रामने वाचली तरी तिचा अर्थ बदलू नये.

विभागणीच्या समर्थकांचे म्हणणे

समर्थकांचा पहिला आणि सर्वांत बळकट मुद्दा वरील उदाहरणातच आलेला आहे. विंडोजच्या जुन्या सुसंगतीविषयी विपुल लेखन करणारे मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनीही ही विभागणी जुन्या प्रोग्रामांच्या संरक्षणाची तरतूद आहे, अशाच आशयाचे स्पष्टीकरण दिलेले आहे. प्रोसेसरला किंवा विंडोजच्या गाभ्याला तिची आवश्यकता नाही, हे समर्थकही नाकारत नाहीत; त्यांचे म्हणणे एवढेच, की ज्याला ६४-बिट जगाची वार्ताच नाही अशा प्रोग्रामला त्या जगातील फाइली चुकून सापडू नयेत, आणि त्याच्या फाइली चुकून दुसऱ्याला सापडू नयेत.

दुसरा मुद्दा प्लगइनांचा आहे. पुष्कळ प्रोग्राम आपल्या किंवा दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावून तेथे आढळलेल्या डीएलएल स्वतःत सामील करून घेतात. ध्वनिसंपादनाच्या क्षेत्रात हे नित्याचे आहे. तेथे ३२-बिट आणि ६४-बिट प्लगइन एकाच फोल्डरमध्ये मिसळले, की संपादक प्रोग्राम त्यांतील निम्मे नाकारतो आणि वापरकर्त्याला कारण कळत नाही. मूळ फोल्डरच वेगळे असले तर हा संकर पुष्कळ अंशी टळतो.

आक्षेपकांचे म्हणणे

आक्षेपक जुन्या सुसंगतीची गरज अमान्य करत नाहीत. त्यांचा आक्षेप उपायाच्या व्याप्तीवर आहे. संघर्ष होतो तो समाईक डीएलएल आणि समाईक नोंदी यांच्यात. मग सगळा प्रोग्रामच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवण्याऐवजी केवळ समाईक भाग वेगळा का ठेवू नये, असे ते विचारतात. लिनक्सचा दाखला ते या संदर्भात देतात. तेथे प्रोग्राम एकाच `/usr/bin` मध्ये राहतात आणि विभागणी होते ती लायब्ररींपुरती: रेड हॅटच्या परंपरेत `lib` आणि `lib64` अशी, तर डेबियनमध्ये प्रत्येक प्रोसेसरप्रकाराच्या नावाच्या स्वतंत्र पोटफोल्डरांत. ॲपलने तिसरा मार्ग घेतला: एकाच फाइलीच्या पोटात दोन्ही प्रकारचा मजकूर भरला, आणि पुढे २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ३२-बिट प्रोग्रामांचा आधार सर्वस्वी काढून घेतला.

यावर समर्थकांचे उत्तर असे, की लिनक्सवरील प्रोग्राम बहुधा मूळ मजकुरातून वितरकाच्या हातून पुन्हा बांधले जातात, आणि ॲपलला आपल्या विकासकांना मुदत घालून देता येते. विंडोजवर मात्र ज्याचा मूळ मजकूर हरवला आहे असा इन्स्टॉलर आजही दुकानांत आणि कचेऱ्यांत चालवला जातो, आणि तो आपल्या समाईक फाइली नेमक्या कोठे टाकील याचे नियंत्रण कोणाच्याही हाती नसते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. फरक आहे तो कोणत्या प्रणालीवर जुन्याचे किती ओझे आहे एवढ्याचा.

आक्षेपकांचा दुसरा मुद्दा व्यवहारातील उपद्रवाचा आहे, आणि तो नाकारणे कठीण आहे. फोल्डरच्या नावात आलेला कंस आज्ञा-फाइलींना बाधतो. पुढील आज्ञा वरवर पाहता निर्दोष दिसते:

```
if exist D:\Data (
  set JAGA=%ProgramFiles(x86)%\Hisab
)
```

विंडोज या ओळीतील नावाच्या जागी प्रथम प्रत्यक्ष पत्ता घालते. त्या पत्त्यातील x86 नंतरचा बंद कंस `if` चा गट तेथेच संपवतो, आणि उरलेला भाग अनपेक्षित म्हणून पुढील त्रुटी येते:

```
\Hisab was unexpected at this time.
```

संपूर्ण नेमणूक अवतरणचिन्हांत घालून `set "JAGA=%ProgramFiles(x86)%\Hisab"` असे लिहिले, की दोष जातो. पण ज्याला हे ठाऊक नाही त्याचा वेळ या शोधात जातोच.

तिसरा मुद्दा असा, की फोल्डरचे नाव प्रकाराची विश्वसनीय खूण राहिलेले नाही. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एज ब्राउझर ६४-बिट असूनही `Program Files (x86)` मध्ये बसतो. स्टीमचा फोल्डर तेथेच असतो आणि त्याच्या पोटात ६४-बिट खेळ सुखाने नांदतात. गुगल क्रोमची ६४-बिट आवृत्तीही कित्येक वर्षे त्याच फोल्डरमध्ये बसत होती. खरा प्रकार पाहायचा असेल तर टास्क मॅनेजरच्या `Details` यादीत `Platform` हा रकाना दाखवण्यास सांगावा. तेथे प्रत्येक चालू प्रोग्रामपुढे त्याचा प्रकार दिसतो. यावरून आक्षेपक असा निष्कर्ष काढतात, की विभागणीचा नियम जे पाळत नाहीत त्यांचे काही बिघडत नाही, तर तो नियम अनावश्यक आहे. समर्थकांच्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे: एज किंवा स्टीम आपल्या सर्व फाइली स्वतःच्याच फोल्डरमध्ये बाळगतात, त्यामुळे त्यांना संघर्षाचे भय नाही; नियम ज्यांच्यासाठी केला ते समाईक फाइलींवर अवलंबून राहणारे प्रोग्राम निराळे.

अनिर्णित प्रश्न

या वादाला अलीकडे आर्म प्रोसेसरवरील विंडोजने नवे वळण दिले आहे. तेथे ३२-बिट आर्म प्रोग्रामांसाठी `Program Files (Arm)` हा आणखी एक फोल्डर निर्माण झाला होता, म्हणजे जुन्या पद्धतीचीच पुनरावृत्ती झाली. परंतु त्याच संगणकावर मूळचे ६४-बिट आर्म प्रोग्राम आणि अनुकरणाने चालणारे x64 प्रोग्राम असे दोन परस्परभिन्न प्रकार आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी फोल्डर वेगळे केले नाहीत. दोघांनाही एकच `Program Files` आणि एकच `System32` दिले, आणि दोन्ही प्रकारांना पुरेल अशी आर्म६४-एक्स नावाची दुहेरी फाइलरचना प्रणालीच्या डीएलएलसाठी वापरली. एका फाइलीत दोन्ही मजकूर सामावण्याचा हा मार्ग ॲपलच्या मार्गाशी जुळणारा आहे. त्यामुळे २००१ च्या सुमारास हाच मार्ग का स्वीकारला नाही, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे एक संभाव्य उत्तर असे, की x64 आणि ६४-बिट आर्म या दोहोंतही स्मृतीतील पत्ता ८ बाइटांचाच असल्याने त्यांना एका प्रक्रियेत एकत्र आणण्याची सोय करता आली. ३२ आणि ६४ बिटांच्या दरम्यान ती करता येण्यासारखी नव्हती. तरीही या उत्तराने फाइली एकत्र ठेवण्याची शक्यता पुरती निकालात निघते असे नाही. आणि x64 प्रोग्रामांच्या समाईक फाइली आर्मवरील समाईक फाइलींवर लिहिल्या जाण्याचा धोका तेथे कितपत उरतो, हे त्या संगणकांवर जुन्या इन्स्टॉलरांचा साठा वाढेल तसेच दिसून येईल.

दुसरा प्रश्न या व्यवस्थेच्या आयुष्याचा आहे. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४-बिट प्रोसेसरवरच चालते, ऑफिस २०१९ पासून, वेगळे सांगितले नाही तर, ६४-बिट रूपात बसते, आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ पासून `Program Files` मध्ये आला. तरीही ३२-बिट प्रोग्रामांचा आधार विंडोजने काढलेला नाही. १६-बिट प्रोग्रामांच्या बाबतीत मात्र ६४-बिट विंडोजने तो आरंभापासूनच दिला नव्हता, आणि आर्मवरील ३२-बिट आर्म प्रोग्रामांचा आधारही २४-एच-२ या आवृत्तीत काढून घेतला गेला. म्हणजे आधार काढता येतो, याचे दाखले आहेत. पण ते तेथेच आहेत जेथे जुन्या प्रोग्रामांची संख्या थोडी होती किंवा त्यांना पर्याय उपलब्ध होता.

उपलब्ध माहितीवरून एवढे निश्चित म्हणता येते, की दोन फोल्डरांची गरज संगणकाच्या रचनेतून उद्भवलेली नाही; जे बदलता येत नाहीत अशा प्रोग्रामांना न बदलता चालवण्याच्या वचनातून ती उद्भवली आहे, आणि तिचे मूल्यमापन त्या वचनाशीच ताडून करावे लागेल. जो प्रशासक आज एखाद्या कचेरीतील संगणक बदलत असेल, त्याने फोल्डर पाहून प्रोग्रामाचा प्रकार ठरवू नये, आज्ञा-फाइलींतील पत्ते अवतरणांत लिहावेत, आणि दोन्ही आवृत्त्या बसवायच्या असतील तर दोघींचे `Common Files` स्वतंत्र राहतात याची खात्री करून घ्यावी. ३२-बिट प्रोग्राम जोवर कामात आहेत तोवर एवढी दक्षता पुरेशी आहे; ते कधी निघून जातील, आणि ते गेल्यावर दुसरा फोल्डर काढताना त्याच्या पत्त्याला चिकटून बसलेल्या एजसारख्या ६४-बिट प्रोग्रामांचे काय करायचे, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.